पहिल्या भेटीत त्याची नजर टेबलावर होती, यातून काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं?

प्रश्न: गेल्या रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलात एका मुलाला भेटले. स्थळ मावशीने सुचवलंय. मी २८ वर्षांची, कोथरूडची. तो ३१ चा, मूळ लातूरचा, चाकणला नोकरीला. सव्वा तास बोललो. तो बोलताना बहुतेक वेळ टेबलाकडे बघत होता, हाताची घडी घालून बसला होता, तीनदा फोन बघितला. त्याचं आधी एकदा ठरलेलं लग्न मोडलंय. कारण विचारलं तेव्हा नाकाला हात लावला, वर बघितलं, जरा थांबला आणि मग म्हणाला, मुलीला परदेशी स्थायिक व्हायचं होतं आणि मला आईवडिलांपासून इतकं लांब जायचं नव्हतं. सांगून झाल्यावर मात्र माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अजून काही विचारायचं असेल तर विचारा.’ मैत्रीण म्हणते तो काहीतरी लपवतोय, वहिनी म्हणते लाजाळू आहे. गुरुवारपर्यंत मावशीला कळवायचंय. देहबोलीवरून काय समजायचं?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्या मुलाच्या स्वभावाला हात न लावताही समजावून सांगता येतात. उरतो एक क्षण, मोडलेल्या लग्नाविषयी विचारल्यानंतरचा. तो लक्ष देण्यासारखा आहे. पण त्या क्षणी शरीराने सांगितलं ते इतकंच की हा विषय त्याला जड गेला. का जड गेला हे नाकाला लागलेला हात सांगू शकत नाही. मैत्रीण आणि वहिनी वरवर उलट बोलताहेत, पण दोघींनी केलंय एकच. हालचाल बघितली आणि तिला हाती लागेल ते कारण चिकटवून टाकलं.

मी पुण्यात लग्नाआधीचं समुपदेशन करते. पहिल्या भेटीनंतर लोक माझ्याकडे हकिगत घेऊन येतात तेव्हा मी माणसाआधी जागेबद्दल विचारते. तुम्ही हॉटेल लिहिलंय, पण बसायची व्यवस्था लिहिलेली नाही. रविवारी सकाळी त्या रस्त्यावर कुठेही गेलात तरी दोन माणसांचं टेबल म्हणजे जेमतेम दोन फुटांचं अंतर, शेजारच्या टेबलावरचं बोलणं आपल्या बशीत पडतंय, आणि जागेसाठी थांबलेलं एखादं कुटुंब तुमची कॉफी संपायची वाट बघत उभं. इतक्या जवळ समोरासमोर बसवलं की अनोळखी माणसं नजर कमी देतात. मायकल अर्गाइल आणि जॅनेट डीन या दोघांनी १९६५ साली हे मांडलं. दोन माणसांमधली जवळीक आपण नकळत एका पातळीवर ठेवत असतो. अंतर कमी झालं की नजर कमी करून तो तोल सांभाळला जातो, अंतर वाढलं की नजरही वाढते. भरलेल्या लिफ्टमध्ये सगळे मजल्यांचे आकडे वाचत उभे असतात, त्यामागे हेच आहे. तेव्हा दोन फुटांवर बसलेल्या अनोळखी मुलीच्या डोळ्यांत बघून कुणी घडाघडा बोलत नसेल, तर त्याचा बराचसा दोष टेबलाकडे जातो.

हाताच्या घडीचंही असंच. मी विचारते, घडी कधी घातली? खाणं येण्याआधी असेल, तर हात ठेवायचे कुठे हा पहिल्या भेटीतला अगदी खरा प्रश्न असतो. टेबल अरुंद, मांडीवर ठेवले तर शाळेत बसल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस घडी घालतो. डोक्यावर पंखा किंवा एसीचा झोत असेल तर तेही एक कारण. पदार्थ आल्यावर घडी सुटली आणि परत घातली गेली नाही, तर विषय तिथेच संपला. मात्र खाणं संपल्यावर, गप्पा चालू असताना, एखाद्या विशिष्ट प्रश्नाला हात पुन्हा आवळले गेले असतील तर ते लक्षात ठेवा. अर्थ लगेच लावायचा नाही, फक्त कुठल्या प्रश्नाला ते घडलं एवढं टिपून ठेवायचं.

फोनबाबत एकच फरक उपयोगाचा आहे. फोन वाजला किंवा उजळला म्हणून त्याने बघितला, की बोलणं थांबलं म्हणून हात फोनकडे गेला? पहिल्या प्रकारात फोनने त्याला बोलावलं, तेव्हा त्यातून त्याच्याबद्दल फारसं काही कळत नाही. चाकणच्या कारखान्यांत रविवारीही पाळ्या चालतात, तिथल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी फोन येणं नवलाचं नाही. दुसऱ्या प्रकारात शांतता सहन झाली नाही, असं म्हणता येईल. तेही अवघडलेपणच आहे, नावड असेलच असं नाही. तुम्ही बोलत असताना, तुमचं वाक्य अर्धवट असताना, आपण होऊन फोन उचलून तो वाचत बसला असेल, तर मात्र ते देहबोलीच्या खात्यात टाकू नका. ते सरळ वागणं आहे, आणि त्याचं बरंवाईट ठरवायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही.

आता नजरेकडे. तुम्ही लिहिलंय ‘बोलताना टेबलाकडे बघत होता’. ही अर्धीच नोंद आहे. तुम्ही बोलत होतात तेव्हा त्याचे डोळे कुठे होते?

हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढते, कारण बोलणाऱ्याची नजर आणि ऐकणाऱ्याची नजर यांचे नियम निराळे आहेत. ॲडम केंडन यांनी १९६० च्या दशकात दोन-दोन माणसांच्या गप्पांचं चित्रण बारकाईने तपासलं आणि १९६७ मध्ये त्यातली लय मांडली. माणूस लांबलचक काही सांगायला सुरुवात करतो तेव्हा नजर बाजूला नेतो, कारण त्याला वाक्य जुळवायचं असतं आणि मध्ये कुणी तोडू नये असं वाटत असतं. सांगणं संपत आलं की तो पुन्हा समोर बघतो. ती नजर म्हणजे ‘आता तुम्ही बोला’ असा निरोप असतो. ऐकणारा मात्र बोलणाऱ्याकडे बराच जास्त वेळ बघतो. सर्वसाधारण गप्पांमध्ये ऐकताना बघण्याचं प्रमाण बोलताना बघण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. थोडक्यात, बोलताना टेबलाकडे, पाण्याच्या ग्लासकडे किंवा खिडकीबाहेर बघणं हा नियम आहे. बोलतानाही सतत डोळ्यांत डोळे घालून बघणारा माणूस अपवाद, आणि त्याच्यासमोर बसलेल्याला बहुधा अस्वस्थच वाटतं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जवळपास ५०० लोकांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रफितीतल्या माणसाने आपल्याकडे सलग किती वेळ बघितलेलं बरं वाटतं हे तपासलं होतं. सरासरी निघाली सव्वातीन सेकंदांच्या आसपास. आपल्याकडे पहिल्या भेटीत तीन सेकंदही काहींना जड जातील.

म्हणून रविवार पुन्हा एकदा आठवून बघा. तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल, घरच्यांबद्दल सांगत होतात तेव्हा तो वर बघत होता का? मधूनमधून मान हलत होती का? तुमच्या बोलण्यातलं एखादं तपशिलातलं उचलून त्याने पुढचा प्रश्न विचारला का? यांतलं शेवटचं सगळ्यात भरवशाचं, कारण नजर कुठेही असली तरी कान तुमच्याकडे होते याचा तो पुरावा आहे. ऐकतानाही त्याची नजर तुमच्यापर्यंत येत नसेल आणि पुढचा प्रश्नही येत नसेल, तर तो त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचलेला नव्हता असं म्हणता येतं. तिथेही ‘का’ उरतोच. तिरळेपणा लपवणारी माणसं असतात, कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडे बघतात किंवा कान पुढे करतात, आणि काहींना लहानपणापासूनच डोळ्यांत बघणं शारीरिक त्रासाचं वाटतं.

घरची शिस्तही मोजावी लागते. थोरल्यांसमोर नजर खाली ठेवावी, अनोळखी मुलीकडे टक लावून बघणं हा आगाऊपणा, असं ज्याला लहानपणी बजावलं गेलं तो माणूस एकतिसाव्या वर्षीसुद्धा हॉटेलात तसाच बसतो. हे लातूरचं म्हणून सांगत नाहीये, सदाशिव पेठेतही अशी घरं भरपूर होती. याची दुसरी बाजू पुण्यात जास्त बघायला मिळते. विक्री, सल्लागारी, मुलाखती घेणं अशा कामांतली माणसं नजर देण्यात तरबेज असतात. कामासाठी शिकलेलं असतं ते. त्यांच्यासमोर बसलं की ‘किती मोकळा आहे’ असं वाटतं. मोकळेपणा आणि सराव यांतला फरक सव्वा तासात ओळखू येत नाही, म्हणून छान नजर देणाऱ्याला मी प्रामाणिकपणाचे जादा गुण देत नाही आणि न देणाऱ्याचे कापत नाही.

मग बघायचं काय? त्याची तुलना इतरांशी करू नका, त्याच्याशीच करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हिशोबात धरू नका, त्या वेळात दोघंही घाबरलेले असतात. त्यानंतर साध्या, निरुपद्रवी विषयांवर तो कसा बोलतो हे बघायचं. चाकणहून यायला किती वेळ लागला, कंपनीत नक्की काम काय, पुण्यात राहायला कुणाबरोबर आहे. अशा बोलण्यात त्याचा वेग किती, मध्ये किती थांबतो, हात कुठे असतात, नजर किती वेळा वर येते, ही त्याची नेहमीची चाल. ही चाल कुठल्या प्रश्नाला बदलली, आणि एकच गोष्ट बदलली की दोन-तीन एकदम, एवढंच टिपण्यासारखं. साध्या विषयांवरही तो टेबलाकडे बघूनच बोलत असेल, तर लग्न मोडल्याचं सांगताना टेबलाकडे बघणं ही बातमीच नाही.

या कसोटीवर तुमच्या पत्रातला तो क्षण टिकतो, कारण तिथे तीन गोष्टी एकदम बदलल्या: हात, नजर, आणि बोलण्याआधीचा थांबा. एकेक करून बघू.

नाकाला हात लावणं. ताण आला की माणसं चेहऱ्याला, मानेला, केसांना जास्त हात लावतात, इतकं खरं आहे. त्यातून ‘खोटं बोलतोय’ असा अर्थ काढणं हे व्हिडिओवाल्यांचं काम. एकट्या नाकावर मी काहीच बांधणार नाही, पुण्याच्या धुळीत तर नाहीच.

वर बघणं. डोळे उजवीकडे वर गेले तर बनवून सांगतोय, डावीकडे वर गेले तर आठवून सांगतोय, असा एक समज व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून बराच पसरलेला आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो प्रयोगांनी तपासला. खरं आणि खोटं बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या दिशेत असा कुठलाही फरक सापडला नाही. अवघड प्रश्नावर विचार करताना समोरच्या चेहऱ्यावरून नजर काढणं मात्र सगळेच करतात, कारण समोरचा चेहरा वाचण्यातही डोक्याचा बराच भाग गुंतलेला असतो. कुणाला सतराचा पाढा म्हणायला सांगा, तो तुमच्याकडे बघत म्हणणार नाही. (त्याच शिबिरांत ‘संवादातला ९३ टक्के भाग शब्दांविना असतो’ असं फळ्यावर लिहितात. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवर होते. सूर आणि चेहरा शब्दाशी जुळत नसेल तर ऐकणारा कशावरून आवड-नावड ठरवतो, एवढाच तो मुद्दा होता. सगळ्या संवादाला तो आकडा लावू नका, असं खुद्द त्यांनीच सांगून ठेवलंय.)

थांबा. मोडलेल्या लग्नाबद्दल विचारल्यावर माणूस थांबतो तेव्हा तो काय करत असतो? एक, किती सांगायचं हे ठरवत असतो, कारण त्या गोष्टीत दुसरी एक मुलगी आहे आणि तिच्याबद्दल अनोळखी माणसापुढे बोलणं त्याला प्रशस्त वाटत नसेल. दोन, दुखरी गोष्ट परत आठवत असतो. तीन, हा प्रश्न येणार हे माहीत असूनही आपलं उत्तर पटेल की नाही याची धास्ती असते. चार, खरंच काहीतरी दडवत असतो. चारही बाहेरून सारखेच दिसतात. तिसऱ्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. खरं बोलणाऱ्यालाही ‘हिला पटलं नाही तर’ अशी भीती वाटते, आणि त्या भीतीच्या खुणा लबाडाच्या भीतीसारख्याच असतात. आधी एक ठरलेलं मोडलंय अशा मुलांच्या आणि मुलींच्या वाट्याला हे फार येतं, कारण प्रत्येक नव्या स्थळापुढे त्यांना हीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

खोटं ओळखण्यावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये घेतला. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ठरवणारी माणसं १०० पैकी सरासरी ५४ वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं असतं तर ५० वेळा. डीपॉलो यांच्याच २००३ च्या आढाव्यात, नजर टाळणं आणि खोटं बोलणं यांचा भरवशाचा संबंध दिसला नाही. आणि तरीही जगभरातल्या लोकांना ‘खोटं बोलणारा कसा ओळखाल’ असं विचारलं, तर सगळ्यात जास्त येणारं उत्तर ‘तो डोळ्यांत बघत नाही’ हेच. हा समज लबाडालाही ठाऊक असतो, त्यामुळे ठरवून फसवणारा आठवणीने डोळ्यांत बघतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. सांगून झाल्यावर त्याने तुमच्याकडे बघितलं आणि अजून काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाला. वर सांगितलेली लय इथे पूर्ण झाली: सुरुवातीला नजर बाजूला, शेवटी परत समोर. आणि त्याने विषय बंद केला नाही. तो उघडा ठेवून तुमच्या हाती दिला. यावरून तो खरंच बोलला असं मी म्हणणार नाही, तेवढं या खुणेतही बळ नाही. पण ज्याला विषय टाळायचा असतो तो साधारणपणे उत्तर संपवताच दुसऱ्या विषयावर जातो, वेटरला हाक मारतो, किंवा ‘जाऊ दे, जुनं झालं ते’ म्हणतो. मैत्रिणीने नाक मोजलं आणि हे वाक्य सोडून दिलं.

म्हणजे त्याने दार उघडं ठेवलंय, तर विचारा. ‘खरं कारण काय’ असं विचारलंत तर तो बचावाला उभा राहील आणि तुम्ही पुन्हा त्याचं नाक बघत बसाल. घटनाक्रम विचारा. ‘परदेशी जायचं हे ठरवताना बोललं गेलं नव्हतं का? मग ते कधी कळलं? साखरपुडा झाला होता का? पुढे जायचं नाही हे आधी कुणी म्हटलं? घरच्यांनी कसं घेतलं?’ असे प्रश्न सौम्यपणे, एकामागून एक, आणि मध्ये तुमचंही काही सांगत विचारता येतात. घडलेल्या गोष्टीला आगापिछा असतो. कुठे बसून बोलणं झालं, कोण रागावलं, हॉलची आगाऊ रक्कम परत मिळाली की नाही, असले बिनकामाचे तपशील आपोआप येतात, आणि मध्ये ‘नाही, ते आधी झालं’ अशी दुरुस्तीही होते. दुरुस्ती ऐकून संशय घेऊ नका. खरं आठवून सांगणारा माणूस स्वतःला दुरुस्त करतोच. तारखांचा थोडा घोळही चालतो.

मी कान टवकारते ते वेगळ्या जागी. साखरपुडा झाला होता की नाही अशा मोठ्या गोष्टीत त्याचं सांगणं आणि मावशीला मध्यस्थांकडून कळलेलं जुळत नसेल तर. सगळा दोष त्या मुलीच्या चारित्र्यावर ढकलला जात असेल तर. किंवा साध्या प्रश्नावर ‘एवढी चौकशी कशाला’ असा सूर लागला तर. यांपैकी काहीही ओळखायला देहबोली लागत नाही. मावशीला मात्र हे आत्ताच विचारून ठेवता येईल की त्यांच्यापर्यंत काय आलं होतं. भेटीआधी कळलेलं आणि भेटीत सांगितलेलं शेजारी ठेवून बघणं, हे सव्वा तास डोळे निरखण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

शरीराकडे बघावंच असं एक ठिकाण आहे, आणि तिथे मी सूट देत नाही. तुमच्या अवघडलेपणाला तो काय उत्तर देतो? तुम्ही खुर्ची जरा मागे घेतलीत तर तो तसाच बसतो की पुढे झुकून अंतर पुन्हा कमी करतो? तुम्ही नजर काढून घेतलीत तर तोही काढतो की रोखून बघत राहतो? तुम्ही घड्याळ बघितलंत तर ‘निघायचं का’ असं विचारतो की बसवूनच ठेवतो? यात एक हालचाल सुटी बघायची नसते. तुम्ही काहीतरी कळवलं आणि त्याने काहीतरी केलं, अशी जोडी बघायची असते. एकदा पुढे झुकणं म्हणजे हॉटेलात ऐकू येत नसेल. तीनदा मागे सरूनही तीनदा अंतर कमी झालं, तर तुमचं शरीर जे सांगतंय ते ऐका आणि भेट आटोपती घ्या. कारण शोधत बसू नका. तुमच्या हकिगतीत असं काहीच नाही, म्हणून मी बाकीच्या गोष्टींत त्याला इतकी सूट देते आहे.

आता तुमची बाजू. त्याने फोन तीनदा बघितला हे तुमच्या लक्षात आहे, म्हणजे तुम्ही मोजत होतात. मोजणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो? भुवया किंचित जवळ, हसू उशिरा येणारं, नजर समोरच्याच्या हातांवर. समोर बसलेल्याला हे जाणवतं आणि तो आणखी आक्रसतो, आणि ते आक्रसणंही आपण टिपून घेतो. तुम्ही बघायला लागलात म्हणून जे घडलं, ते त्याच्या नावावर जमा झालं असण्याची शक्यता धरा. शिवाय अनोळखी माणसांच्या गप्पांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की गप्पा संपल्यावर ‘मी समोरच्याला कितपत आवडले’ याचा अंदाज दोघंही प्रत्यक्षापेक्षा कमीच करतात. तोही घरी जाऊन कुणाला तरी सांगत असेल, ‘ती सारखी माझ्या हातांकडे बघत होती, नकारच असणार.’

हे वाचणाऱ्या मुलांसाठी उलट बाजूची चूकही सांगून ठेवते. समोरची मुलगी हसून बोलली, नजर दिली, तर त्याचा अर्थ बऱ्याच वेळा ती नीट वागली एवढाच असतो. ॲन्टोनिया ॲबी यांच्या १९८२ च्या अभ्यासात एकाच गप्पा बघणाऱ्या पुरुषांना मुलीच्या वागण्यात जे आकर्षण दिसलं, ते बघणाऱ्या स्त्रियांना तितकं दिसलं नव्हतं. होकार हसण्यात शोधू नका, ती पुढच्या भेटीला स्वतःहून वेळ सुचवते का ते बघा.

गुरुवारी मावशीला होकारही नको आणि नकारही नको. ‘अजून एकदा भेटून सांगते’ म्हणा. त्याआधी आज रात्री एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे डोळ्यांना दिसलेलं, उजवीकडे त्यातून काढलेलं. ‘नाकाला हात लावला’ डावीकडे, ‘लपवतोय’ उजवीकडे. डावीकडच्या प्रत्येक ओळीसमोर निदान एक दुसरं कारण लिहून बघा. ज्या ओळीला ते सुचतच नाही, तेवढीच पुढच्या भेटीला बरोबर न्या.

आणि पुढची भेट समोरासमोर टेबलावर ठेवू नका. सकाळी लवकर तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर चालायला जा, माणसांची ये-जा असते अशा वाटेने, पाऊण तास. शेजारी चालताना नजर द्यायची सक्ती दोघांवरही नसते, आणि बोलणं थांबलं तरी पाय चालू असल्यामुळे शांतता बोचत नाही. टेबलावर गप्प बसणारी बरीच माणसं चालताना मोकळी होतात. तिथे वरचे प्रश्न विचारा. तो चढावर तुमच्या वेगाने चालतो की पुढे निघून जातो, तुम्ही थांबलात तर थांबतो का, तुमचं वाक्य तोडतो की पुरं होऊ देतो, हे सगळं न मोजता आपोआप दिसेल.

एवढं करूनही तो तुमच्याकडे न बघताच बोलत असेल पण उत्तरं नीट, सविस्तर आणि मावशीच्या माहितीशी जुळणारी असतील, तर नजरेचा प्रश्न त्यालाच विचारायला हरकत नाही. ‘तुम्ही बोलताना खाली बघता, अवघडल्यासारखं होतं का?’ असं हसत विचारलेलं कुणाला लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत असा प्रश्न एकदा विचारला गेला की बऱ्याचदा उत्तर अगदी साधं निघतं, आणि कधीकधी ‘तुम्हीसुद्धा’ असंही निघतं.